हळद दळण्याच्या कारखान्यासाठी ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा घ्यावा?

प्रश्न : सांगलीजवळ हळद दळण्याचा आणि पॅकिंगचा छोटा कारखाना उभारतो आहे. सोबतच्या यादीतील सगळ्या मशिनरीची बेरीज २६० किलोवॅट होते. वायरिंगचे काम पाहणारे ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर सांगतात. कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉप चालवणारे माझे मामा म्हणतात, २०० पुरेल. हंगामात दोन पाळ्या चालतील आणि तीन वर्षांनी तिसरा पल्व्हरायझर घ्यायचा विचार आहे. महावितरणची ११ केव्हीची जोडणी घेणार आहे. नेमका आकडा कसा काढतात?

उत्तर :

या दोघांचीही आकडेमोड चुकलेली नसणार. वायरिंगवाल्यांनी २६० ला ०.८ या पॉवर फॅक्टरने भागून ३२५ काढले असतील, त्यावर पाव हिस्सा वाढीसाठी धरला असेल आणि ४०६ आल्यावर ४०० सोडून पुढचा आकार सांगितला असेल. मामांनी स्वतःच्या शॉपमधला अनुभव लावून जोडभाराच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या बेरजेच्या, निम्म्याहून कमी भार एका वेळी चालतो असे धरले असेल. त्या हिशेबाने मागणी १३० केव्हीएच्या आसपास येते आणि २०० ऐसपैस वाटतो. म्हणजे खरा प्रश्न वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या तासाला तुमच्या कारखान्यात कोणती यंत्रे एकत्र चालतात आणि त्यांतले प्रत्येक यंत्र किती दमाने चालते, हा आहे. डिमांड फॅक्टर आणि डायव्हर्सिटी हे याच माहितीचे आकड्यांतले रूप आहे. ही माहिती तुमच्या कामातूनच यावी लागते. दुसऱ्या धंद्याचा फॅक्टर उसना घेतला की उत्तर चुकते.

मशीन शॉपमध्ये जॉब लावणे, काढणे, माप घेणे यांत बराच वेळ जातो, स्पिंडलची मोटर पूर्ण भाराने क्वचितच चालते, आणि दहा मशिनरींपैकी सगळ्या एकाच क्षणी खोल कट घेत आहेत असे जवळजवळ कधीच होत नाही. तिथे ०.४ ते ०.५ हा डिमांड फॅक्टर मी स्वतःही धरतो. दळणाचे काम याच्या उलट आहे. हळकुंड कठीण असते, पल्व्हरायझरला माल सतत द्यावा लागतो, आणि चालवणारा माणूस ताशी उत्पादन वाढावे म्हणून ॲमीटरचा काटा वर राहील इतका माल सोडत असतो. त्यातच हॅमर झिजले, जाळी तुंबली किंवा मालात ओल राहिली की तेवढ्याच पावडरीसाठी मोटर आणखी करंट ओढते. शिवाय पल्व्हरायझर चालू असेल तर त्याचा ब्लोअर, चाळणी, स्क्रू कन्व्हेयर आणि डस्ट कलेक्टर हेही चालूच असतात. ही साखळी आहे. तिच्यातले एक यंत्र थांबले तर सगळी थांबते, म्हणून साखळीच्या आत डायव्हर्सिटी धरता येत नाही.

हिशेबाला लागण्यापूर्वी दोन्ही शब्दांचा अर्थ पक्का करून घेऊ, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. यंत्रांच्या एका गटाची प्रत्यक्ष कमाल मागणी भागिले त्या गटाचा जोडभार म्हणजे डिमांड फॅक्टर. तो सहसा १ पेक्षा कमी असतो. वेगवेगळ्या गटांच्या कमाल मागण्यांची बेरीज भागिले संपूर्ण कारखान्याची एकत्रित कमाल मागणी म्हणजे डायव्हर्सिटी फॅक्टर. तो १ किंवा त्याहून जास्त असतो आणि त्याने भागायचे असते. पहिला फॅक्टर गटाच्या आतला आहे, दुसरा गटागटांमधला. एकाच कारणासाठी दोन्हीकडे सूट घेतली तर ट्रान्सफॉर्मर लहान पडतो. उदाहरणार्थ, ‘दुसरा कॉम्प्रेसर राखीव आहे’ म्हणून गटातला फॅक्टर ०.५ धरला असेल, तर तेच कारण डायव्हर्सिटी ठरवताना पुन्हा मोजायचे नाही.

आता तुमची यादी. मी तिचे पाच गट केले आहेत. पहिला दळणाचा : ३७ किलोवॅटचे, म्हणजे ५० एचपीचे, दोन पल्व्हरायझर आणि त्यांच्यासोबतचे ब्लोअर, कन्व्हेयर, चाळण्या व डस्ट कलेक्टर मिळून ११९ किलोवॅट. दुसरा साफसफाई, पॉलिश ड्रम आणि ड्रायर यांचा, ४८ किलोवॅट. तिसरा दोन कॉम्प्रेसरचा, ३० किलोवॅट. चौथा शीतखोलीचा, २२ किलोवॅट. उरलेले पॅकिंग मशीन, दिवे, ऑफिस, बोअरचा पंप आणि वेल्डिंग मिळून ४१ किलोवॅट. एकूण २६०, म्हणजे तुमची बेरीज बरोबर आहे.

दळणाच्या गटाला मी ०.८ धरतो. चालू पल्व्हरायझरवर टाँग टेस्टर लावल्यावर चांगल्या स्थितीत नेमप्लेटच्या पंचाहत्तर ते पंच्याऐंशी टक्के करंट दिसतो, असा माझा अनुभव आहे, आणि हंगामात गटातली सगळी यंत्रे एकत्र चालतात. त्यामुळे ११९ चे ९५ किलोवॅट होतात. साफसफाई आणि पॉलिशच्या गटाला ०.६ पुरे, कारण ड्रम भरताना आणि रिकामा करताना मोटर हलकी असते आणि ड्रायर रोज लागत नाही. ४८ चे २९. कॉम्प्रेसर एक चालतो आणि एक राखीव, म्हणून ३० चे १५. शीतखोलीचे कॉम्प्रेसर थर्मोस्टॅटवर चालू-बंद होतात, पण उन्हाळ्यात ते फारसे बंद होत नाहीत, म्हणून ०.७, म्हणजे १५ किलोवॅट. किरकोळ गटाला ०.४, म्हणजे १६. बेरीज १७० किलोवॅट.

इथे एक पायरी अनेकदा गाळली जाते. मोटरच्या नेमप्लेटवरचा किलोवॅट हा शाफ्टवर मिळणारा असतो. लाईनमधून ती त्याहून जास्त घेते. लहानमोठ्या मोटरी मिळून कार्यक्षमता ०.९१ धरली, तर पहिल्या चार गटांचे १५४ किलोवॅट लाईनवर १६९ होतात. त्यात किरकोळ गटाचे १६ मिळवले की १८५ किलोवॅट. पंधरा किलोवॅटचा हा फरक या आकाराच्या कारखान्यात दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मग डायव्हर्सिटी. पुस्तकातल्या तक्त्यांत लहान उद्योगांसाठी बरेच उदार आकडे सापडतात, पण ते अनेक असंबद्ध भारांसाठी असतात. तुमच्याकडे एका गटाचा माल पुढच्या गटात जातो, त्यामुळे हंगामात साफसफाई, दळण आणि पॅकिंग बहुतेक वेळ बरोबरीनेच चालणार. थोडीफार सूट मिळते ती पॉलिशचे काम दळणाच्या आधी उरकते, बोअरचा पंप रात्री चालवता येतो आणि वेल्डिंग देखभालीच्या वेळीच होते एवढ्यामुळे. म्हणून मी १.१ च धरतो. १८५ भागिले १.१ म्हणजे १६८ किलोवॅट. तुम्ही दिवसा पॉलिश आणि रात्री दळण असे कडक वेळापत्रक पाळणार असाल, तर १.२ सुद्धा धरता येईल. पण ते वेळापत्रक ऑर्डर वाढल्यावर टिकेल का, याचा प्रामाणिक विचार करा. घाईच्या दिवसांत सर्वांत आधी मोडते ते असेच वेळापत्रक.

किलोवॅटवरून केव्हीएवर जाताना पॉवर फॅक्टर येतो. कपॅसिटर नसतील तर अशा मोटरभाराचा पॉवर फॅक्टर ०.८ च्या आसपास असतो आणि मागणी २१० केव्हीए होते. गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारे एपीएफसी पॅनेल बसवून तो ०.९५ ठेवला तर तीच मागणी १७७ केव्हीएवर येते. हे पॅनेल ट्रान्सफॉर्मरच्या लघुदाब बाजूला असल्यामुळे ट्रान्सफॉर्मरलाही त्याचा दिलासा मिळतो. मात्र आकार ठरवताना मी नेहमी दुसरा हिशेबही करून ठेवतो : ऐन हंगामात पॅनेलचा कंट्रोलर बंद पडला किंवा कपॅसिटर कमजोर झाले, तर काय होईल? पावडरीची बारीक धूळ असलेल्या जागेत हे घडते, आणि बिल हातात येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

पुढची पायरी वाढीची. सरसकट २५ टक्के वाढवण्याची पद्धत मला पटत नाही, कारण तुमची वाढ काय असणार हे तुम्हांला ठाऊक आहे. तिसरा पल्व्हरायझर ३७ किलोवॅटचा आणि त्याच्या सोबतची यंत्रे १३ धरली तर जोडभार ५० ने वाढतो. ०.८ ने गुणून आणि ०.९१ ने भागून ४४ किलोवॅट येतात. हा पल्व्हरायझर घ्याल तो आधीचे दोन कमी पडतात म्हणूनच, म्हणजे गर्दीच्या तासाला तिन्ही एकत्र चालणार. म्हणून या ४४ ला डायव्हर्सिटीची सूट नाही. ते १६८ मध्ये जसेच्या तसे मिळवायचे. एकूण २१२ किलोवॅट, आणि ०.९५ पॉवर फॅक्टरला २२३ केव्हीए. पॉवर फॅक्टर ०.८ वर घसरला तर २६५.

आता या मागणीशी बाजारात मिळणारे आकार ताडून पाहा : २००, २५०, ३१५, ४००, ५००. दोनशेचा आजच ८९ टक्के भरलेला असेल, कपॅसिटर बिघडले की ओव्हरलोड होईल, आणि तिसऱ्या पल्व्हरायझरनंतर तर पॉवर फॅक्टर चांगला ठेवूनही २२३ ला तो अपुराच आहे. अडीचशेचा आज ७१ टक्क्यांवर आणि वाढीनंतर ८९ टक्क्यांवर चालेल. कपॅसिटर बिघडल्यास २६५ म्हणजे मर्यादेच्या बाहेर. ३१५ चा आज ५६ टक्के, वाढीनंतर ७१ टक्के, आणि वाईटातल्या वाईट स्थितीतही ८४ टक्के. दीर्घकाळच्या कमाल मागणीला ट्रान्सफॉर्मर ८० टक्क्यांच्या आसपास राहावा, असा माझा नेम आहे. तुम्ही दिलेल्या माहितीवर माझे उत्तर ३१५ केव्हीए आहे.

हे उत्तर तुमच्या परिस्थितीवर किती अवलंबून आहे, तेही सांगतो. ट्रान्सफॉर्मर तासाभराच्या ओव्हरलोडने लगेच जळत नाही. त्याचे तेल तापायला काही तास लागतात आणि भार कमी झाला की ते निवते. एकच पाळी चालत असती आणि तिसरा पल्व्हरायझर नक्की नसता, तर मी २५० सांगितला असता आणि त्यात काही गैर नव्हते. पण तुमच्याकडे दोन पाळ्या आहेत, म्हणजे निवण्याचा अवधी कमी. शिवाय आपल्याकडे नवी हळद साधारण फेब्रुवारीपासून बाजारात येते आणि दळणाची गर्दी मार्च, एप्रिल, मे अशी कडक उन्हाळ्यात होते. सर्वांत जास्त भार आणि सर्वांत जास्त हवेचे तापमान एकाच वेळी येतात. वाइंडिंगच्या साध्या कागदी इन्सुलेशनचे वय नेहमीच्या मर्यादेवरच्या प्रत्येक ६ अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते. हिवाळ्यात पेलणारा ओव्हरलोड एप्रिलमधल्या दुपारी महागात पडतो, तो यामुळे.

मग ५०० घेऊन निश्चिंत का होऊ नये? पहिले कारण रिकाम्या तोट्याचे. ट्रान्सफॉर्मर जोडलेला असेपर्यंत, कारखाना बंद असला तरी, त्याच्या कोअरमध्ये वीज खर्च होत राहते. या आकारात ती काही शे वॅट असते. ४०० वॅट धरले तर वर्षाच्या ८,७६० तासांत सुमारे ३,५०० युनिट झाले. तुमचे मीटर ११ केव्हीच्या बाजूला असल्यामुळे ते युनिट तुमच्याच बिलात येतात, आणि आकार वाढला की हा तोटाही वाढतो. हंगाम संपल्यावर महिनोन्‌महिने कमी भारावर चालणाऱ्या कारखान्याला हे जास्त जाणवते.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण त्याकडे फार थोडे लोक पाहतात. ट्रान्सफॉर्मर जितका मोठा, तितका शॉर्टसर्किटचा करंट मोठा. ३१५ केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा ४३३ व्होल्टला पूर्ण भाराचा करंट ४२० अँपिअर असतो. त्याचा इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा आतला अडथळा, ४.५ टक्के असेल, तर टर्मिनलवर शॉर्टसर्किट झाल्यास ४२० भागिले ०.०४५, म्हणजे सुमारे ९.३ किलोअँपिअर वाहू शकतात. ५०० ला हाच हिशेब केला तर ६६७ अँपिअर आणि १४.८ किलोअँपिअर येतात. यात चालू मोटरींकडून क्षणभर येणारा करंट धरलेला नाही. मिरजेकडच्या एका मसाल्याच्या कारखान्यात मोठा ट्रान्सफॉर्मर बसवून मुख्य पॅनेलमध्ये मात्र १० किलोअँपिअरचे ब्रेकर ठेवलेले मी पाहिले आहेत. असे ब्रेकर रोजच्या वापरात काहीही तक्रार करत नाहीत. केबलमध्ये खरा फॉल्ट होतो त्या दिवशी ते तो तोडू शकत नाहीत आणि स्वतःच फुटतात. तुम्ही ३१५ घेतला तरी मुख्य पॅनेलचे ब्रेकर २५ किलोअँपिअरचे घ्या, कारण ९.३ आणि १० यांमधले अंतर भरवशाचे नाही. इम्पिडन्स नेमप्लेटवर छापलेला असतो. तो वाचून हा भागाकार स्वतः करून पाहा.

मोठी मोटर सुरू होताना ट्रान्सफॉर्मर ‘बसेल’ ही भीतीही ५०० च्या सल्ल्यामागे असते. तीही तपासून घेऊ. ३७ किलोवॅटची मोटर पूर्ण भाराला साधारण ४७ केव्हीए घेते. थेट सुरू केली तर सहापट, म्हणजे सुमारे २८० केव्हीए. ३१५ च्या ट्रान्सफॉर्मरवर यामुळे व्होल्टेज चार टक्क्यांच्या आसपास उतरेल. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर हा भार तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि उतार दीड टक्क्याच्या आत राहतो. म्हणजे सुरुवातीच्या करंटसाठी ट्रान्सफॉर्मर वाढवण्याची गरज इथे नाही. पल्व्हरायझर सुरू होताना दिवे मंद होत असतील, तर दोष बहुधा लांब आणि बारीक केबलचा किंवा स्टार्टरच्या टायमरचा असतो. पल्व्हरायझरचा रोटर जड असल्याने त्याला वेग घ्यायला वेळ लागतो, आणि पुरेसा वेग येण्याआधीच टायमरने डेल्टावर नेले तर तिथे पुन्हा मोठा झटका बसतो. दोन्ही पल्व्हरायझर एकाच वेळी सुरू होणार नाहीत, एवढी इंटरलॉकची व्यवस्था मात्र करून घ्या. वीज जाऊन परत आल्यावर कामगार घाईने सगळी बटणे दाबतात, तेव्हा ती कामी येते.

आता हा सगळा अंदाज खरा आहे का, हे ऑर्डर देण्याआधी तपासण्याचा एक उत्तम मार्ग तुमच्या हाताशी आहे. सांगली परिसरात हळदीचे इतके कारखाने आहेत, की तुमच्यासारख्याच एखाद्या कारखान्याची मार्च ते मे या महिन्यांची वीजबिले ओळखीने पाहायला मिळतील. बिलात त्या महिन्याची नोंदलेली कमाल मागणी केव्हीएमध्ये असते. तिला त्यांच्या जोडभाराच्या किलोवॅटने भागा. माझ्या हिशेबात आजची मागणी १७७ आणि जोडभार २६०, म्हणजे गुणोत्तर ०.६८ येते. त्यांचे गुणोत्तर ०.६ ते ०.७५ च्या दरम्यान असेल, तर आपण योग्य रस्त्यावर आहोत. ते ०.५ च्या खाली असेल, तर त्यांच्या यादीत पडून असलेली यंत्रे किती आहेत हे विचारा, ०.८ च्या वर असेल, तर त्यांचा पॉवर फॅक्टर पाहा. बिगरहंगामातली बिले यासाठी उपयोगाची नाहीत.

ट्रान्सफॉर्मरचा आकार आणि महावितरणकडे मागायची कॉन्ट्रॅक्ट डिमांड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ३१५ चा ट्रान्सफॉर्मर आहे म्हणून ३१५ केव्हीएची डिमांड मागणे म्हणजे न वापरलेल्या मागणीसाठी दरमहा पैसे भरणे होय. आकार उद्याकडे पाहून ठरवा, कॉन्ट्रॅक्ट डिमांड आजच्या हंगामाकडे पाहून. तुमच्यासाठी सुरुवातीला १८० ते १९० केव्हीए योग्य वाटते. ती ओलांडली तर जादा मागणीवर दंडाच्या दराने आकारणी होते, म्हणून मीटरवरची कमाल मागणी पहिल्या हंगामात दर आठवड्याला नोंदवत जा. तिसरा पल्व्हरायझर येईल तेव्हा अर्ज करून ती वाढवता येईल, ट्रान्सफॉर्मरला हात न लावता. त्याच नोंदवहीत दुपारी तीनच्या सुमारास तिन्ही फेजचे करंट आणि तेलाचे तापमान लिहा. एपीएफसी चालू असताना गर्दीच्या वेळी लघुदाब बाजूला २३५ अँपिअरच्या आसपास करंट दिसायला हवा. तो २८० कडे सरकत असेल आणि माल तेवढाच दळला जात असेल, तर आधी कपॅसिटर तपासा, मग पल्व्हरायझरच्या जाळ्या आणि हॅमर.